धागा: नाइन बॉक्समध्ये मालकांचा मुलगा वरच्या उजव्या चौकटीत आलाय. हे कसं तपासायचं?

मुक्ता_एचआर

कंपनी कुटुंबाच्या मालकीची आहे, यंत्रांचे सुटे भाग बनवते. सीओओ, म्हणजे कामकाज प्रमुख, अडीच वर्षांनी निवृत्त होतील. त्यांची जागा कोण घेऊ शकेल हे बघायला पहिल्यांदाच नाइन बॉक्स, म्हणजे नऊ चौकटींचा तक्ता केला. आडव्या बाजूला कामगिरी, उभ्या बाजूला क्षमता, दोन्हींना १ ते ३ गुण. एकूण १३ जण होते. त्यातले तिघे घरचे: अध्यक्षांचा मुलगा निर्यात बघतो, पुतणी विक्रीनंतरची सेवा बघते, जावई खरेदीत आहे.

गुण देणारे पाच जण होतो: अध्यक्ष, त्यांचे धाकटे भाऊ, फायनान्स प्रमुख, निवृत्त होणारे सीओओ आणि मी. प्रत्येकाने मीटिंगआधी आपापले गुण मला मेल केले आणि मग आम्ही तीन तास बसून एकमताने अंतिम गुण ठरवले. क्षमतेचे आकडे असे आहेत:

मुलगा: २, ३, ३, ३, २. सरासरी २.६, अंतिम ३.
पुतणी: २, २, ३, ३, ३. सरासरी २.६, अंतिम २.
जावई: २, १, २, २, २. सरासरी १.८, अंतिम २.
कारखाना व्यवस्थापक, घराबाहेरचे, वय ४७: ३, २, २, २, ३. सरासरी २.४, अंतिम २.

गुणांचा क्रम मी वर लिहिलेल्या माणसांच्या क्रमानेच आहे. मुलगा ३-३ मध्ये एकटाच आहे. कारखाना व्यवस्थापकांची कामगिरी ३ आहे. मला मनातून हे खटकतंय, पण ‘खटकतंय’ एवढ्यावर संचालक मंडळापुढे उभं राहता येणार नाही. पूर्वग्रह शिरला असेल तर नेमका कुठे, हे दाखवायचं कसं?

रोखठोक

याला एकच औषध, सक्तीचं वाटप. वरच्या चौकटीत २० टक्के, मध्ये ७०, खाली १०. मग कोणालाही आपल्या माणसांना सरसकट ३ देता येत नाहीत. जीई या बड्या अमेरिकी कंपनीचे प्रमुख असताना जॅक वेल्च यांनी हेच केलं होतं. हात सैल सोडला की सगळेच चांगले ठरतात.

आकडेमोड

मुक्ताताई, मीटिंगआधीचे गुण जपून ठेवलेत हे फार बरं केलंत. बहुतेक ठिकाणी ते पुसले जातात आणि मग तपासायला काही उरतच नाही. आधीची सरासरी आणि अंतिम गुण यातला फरक काढा, आणि घरचे व इतर असे दोन गट करून तुलना करा. एक्सेलच्या B रकान्यात गट, E रकान्यात फरक असेल तर:

```
=AVERAGEIF(B2:B14,"घरचे",E2:E14)
=AVERAGEIF(B2:B14,"इतर",E2:E14)
```

तुमच्या आकड्यांवरून घरच्यांचं मी हातानेच केलं. मुलगा +०.४, पुतणी −०.६, जावई +०.२. बेरीज शून्य. म्हणजे मीटिंगमध्ये घरच्यांना झुकतं माप मिळालेलं नाही. मला तरी तुमची शंका आकड्यांत दिसत नाही.

मुक्ता_एचआर

इतर दहा जणांचा फरक सरासरी −०.१ येतो. म्हणजे खरंच काही नाही?

दीपस्तंभ

आहे, फक्त सरासरीने झाकलं गेलंय. आकडेमोड यांची पद्धत योग्य आहे, गट चुकीचा पाडलाय.

मुलगा आणि पुतणी दोघांची आधीची सरासरी २.६. पाच जणांनी स्वतंत्रपणे दिलेल्या गुणांत दोघं अगदी बरोबरीची होती. तीन तासांनंतर एक ३ वर गेला आणि एक २ वर आली. ‘घरचे’ म्हणून जावयासकट एकत्र मोजलं की हे फरक एकमेकांना खाऊन टाकतात आणि शून्य उरतं. कुटुंबाच्या कंपनीत ‘घरचे विरुद्ध बाहेरचे’ ही रेघ सगळ्यांना आधी दिसते, म्हणून आपण तिथेच मोजायला जातो. पण घरातल्या घरात मुलगा-मुलगी, थोरली-धाकटी शाखा, रक्ताचं-लग्नाने आलेलं अशा रेघा असतात आणि त्या बाहेरच्या रेघेपेक्षा खोल असू शकतात.

आता उलट बाजूही सांगतो, म्हणजे मंडळापुढे तुम्ही अडचणीत येणार नाही. अंतिम गुण पूर्णांकातच द्यायचे असल्याने २.६ चे ३ होणं, २.४ चे २ होणं आणि १.८ चे २ होणं हे नुसत्या पूर्णांकीकरणानेही होतं. तेव्हा मुलाचा +०.४ हा पुरावा नाही आणि कारखाना व्यवस्थापकांचा −०.४ हाही नाही. या चौघांत गणिताच्या विरुद्ध गेलेला आकडा एकच आहे, पुतणीचा २.६ वरून २. त्या दहा मिनिटांत काय बोललं गेलं, एवढंच आधी सांगा.

मुक्ता_एचआर

माझ्या टिपणात आहे. “कामाला चांगली आहे, पण लग्नानंतर कुठे असेल सांगता येत नाही.” त्यावर कोणीतरी म्हणालं, “मग सध्या २ ठेवू.” पुढच्या नावावर गेलो. मीही काही बोलले नाही.

सांजवेळ

याच मुद्द्यावर एक मोठा अभ्यास आहे. उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या किरकोळ विक्री साखळीतल्या सुमारे ३०,००० कर्मचाऱ्यांचे नाइन बॉक्सचेच गुण ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू यांनी तपासले. स्त्रियांना कामगिरीत पुरुषांपेक्षा सरासरी जास्त गुण होते आणि क्षमतेत कमी. बढत्यांमधल्या तफावतीचा बराच मोठा भाग या क्षमतेच्या गुणांतून येत होता. आणि ज्यांना क्षमतेत कमी दिलं होतं त्या स्त्रियांनी पुढे त्याच क्षमता-गुणाच्या पुरुषांपेक्षा चांगली कामगिरी केली. म्हणजे अंदाज अंदाज म्हणूनही चुकला होता.

कामगिरीला आकडा असतो, त्यामुळे तिथे हात चालवायला वाव कमी. क्षमता म्हणजे उद्याबद्दलचं मत, आणि मतात सगळं मावतं. मुक्ताताई, तुमच्या बाबतीत ‘लग्नानंतर कुठे असेल’ हा क्षमतेचा मुद्दाच नाही. तो उपलब्धतेचा प्रश्न आहे, तो तिलाच विचारायचा असतो, आणि मुलालाही तोच विचारायचा असतो. त्यासाठी तक्त्याबाहेर वेगळा रकाना ठेवा आणि त्यात त्या व्यक्तीने स्वतः दिलेलं उत्तरच लिहा. दुसऱ्याने केलेला अंदाज तिथे नको.

तिसरी_पिढी

मला या सगळ्या चर्चेचं नवल वाटतं. कंपनी ज्यांची आहे ते आपल्या मुलाला देणार, यात पूर्वग्रह कुठला? शेअर्स त्याच्याकडेच जाणार आहेत. मी स्वतः घरच्या कंपनीत आहे. माझ्या वडिलांनी मला कधी पूर्ण गुण दिले नाहीत, बाकी सगळे मात्र देत होते. तक्ता केला काय, न केला काय.

दीपस्तंभ

तिसरी_पिढी, तुम्ही दोन गोष्टी लिहिल्यात. पहिलीचं उत्तर सोपं आहे: शेअर्स कोणाकडे जाणार हा मालकीचा प्रश्न, सीओओ कोण होणार हा कामाचा. मालकी मुलाकडे आणि कामकाज दुसऱ्याकडे असं असू शकतं. मालकीबद्दल नाइन बॉक्सला काही म्हणायचं नसतं. दोन्ही प्रश्न एकाच मीटिंगमध्ये सोडवायला गेलं की क्षमतेच्या रकान्यात वारसाहक्क भरला जातो.

दुसरी गोष्ट मात्र तुम्ही नेमकी पकडलीत. मुक्ताताईंच्या आकड्यांत मुलाला २ देणारे कोण आहेत बघा: अध्यक्ष, म्हणजे त्याचे वडील, आणि एचआर. काका, फायनान्स प्रमुख आणि सीओओ यांनी ३ दिलेत. स्वतःच्या मुलावर बाप जास्त कडक असू शकतो, आणि ज्यांना उद्या त्याच्या हाताखाली किंवा बरोबरीने काम करायचंय ते सैल असू शकतात. हे दोन झुकाव विरुद्ध दिशेचे असल्याने सरासरीत पुन्हा दिसेनासे होतात.

म्हणून सरासरी काढण्याआधी प्रत्येक गुणाशेजारी दोन गोष्टी लिहायच्या: या गुण देणाऱ्याने त्या माणसाचं काम किती महिने जवळून पाहिलं, आणि तो माणूस वर गेला तर गुण देणाऱ्याचं काय होईल. फायनान्स प्रमुखांना मुलाबद्दल मनापासून ३ वाटत असतील, पण उद्या तो मालकच होणार असेल तर त्यांचं मत स्वतंत्र धरता येत नाही. ते बाजूला ठेवलं की उरतात २, ३, ३, २. सरासरी २.५, बरोबर काठावर.

आकडेमोड

मान्य. माझं चुकलं, गट पाडायला नको होते. आणखी एक लक्षात आलं. पाच जण गुण देत असतील तर एकाने एक गुण इकडेतिकडे केला की सरासरी ०.२ ने हलते. मुलगा २.६ आणि कारखाना व्यवस्थापक २.४ यांच्यात बरोबर ०.२ चाच फरक आहे. म्हणजे दोघांपैकी एकाबद्दल एका माणसाचं एक पायरीचं मत बदललं असतं तर दोघं एकाच चौकटीत आले असते. मंडळाला चौकट दाखवाल तेव्हा पाचही मूळ गुण शेजारी छापा. रंगीत चौकट बघून वाटतं की दोघांत मोठं अंतर आहे, आणि ते अंतर तिथे नाही.

रोखठोक

म्हणूनच मी सक्तीचं वाटप म्हणालो. काठावरच्यांचा निकाल लागतो.

सांजवेळ

निकाल लागतो, पण कशाच्या जोरावर? १३ जणांचे २० टक्के म्हणजे २.६ माणसं. दोन घ्यायचे की तीन, हे ठरवतानाच पुन्हा मत लागणार. हजारो माणसांत टक्केवारीला काही अर्थ असेल, तेरा जणांत नाही. सैल हात हा खरा आजार आहे हे तुमचं बरोबर, पण वाटप ठरवल्याने गुण मागून भरले जातात: आधी तीन नावं ठरतात आणि मग ती बसतील असे गुण येतात. शिवाय एका जागेसाठी कोणीच तयार नाही हे उत्तरही शक्य असायला हवं, वाटपात ते शक्यच राहत नाही.

रोखठोक

मोठ्या कंपनीत चालतं ते लहानात का चालू नये, हे मला अजून पटलेलं नाही. पण २.६ माणसांचा मुद्दा मान्य.

मुक्ता_एचआर

कारखाना व्यवस्थापकांबद्दल विचारायचं राहिलं. मीटिंगमध्ये त्यांच्याबद्दल कोणी वाईट बोललं नाही. “भरवशाचा माणूस, पण इथवरच” असं म्हणून २ दिले. हे कशात मोडतं?

दीपस्तंभ

‘इथवरच’ हा शब्द कुठून आला ते विचारायचं. तुम्ही मीटिंगआधी क्षमतेची व्याख्या लिहून दिली होती का?

मुक्ता_एचआर

‘पुढची मोठी जबाबदारी पेलण्याची क्षमता’, एवढंच.

दीपस्तंभ

मग प्रत्येकाने आपापली व्याख्या वापरली असणार. मला तक्त्यातली सगळ्यात मोठी चूक इथे दिसते, नातं त्यानंतर येतं. क्षमता नेहमी ‘कशासाठी’ आणि ‘किती काळात’ याच्याशी बांधावी लागते. तुमच्याकडे दोन्ही तयार आहेत: सीओओची जागा, अडीच वर्षं. त्या कामात आजच्या त्यांच्या कामापेक्षा वेगळं काय आहे ते लिहा. माझ्या अंदाजाने तीन गोष्टी निघतील. स्वतःचा नसलेला विभाग समजून घेऊन चालवणं. अर्धवट माहितीवर निर्णय घेणं आणि चुकला तर वेळेत फिरवणं. विक्री आणि उत्पादन भांडत असताना दोघांना मान्य होईल असा मार्ग काढणं. मग प्रत्येक नावापुढे प्रत्येक गोष्टीसाठी एकच प्रश्न: गेल्या २४ महिन्यांत हे करताना त्यांना कोणी पाहिलं, कधी, काय झालं?

उत्तरं तीन प्रकारची येतील: पाहिलं आणि जमलं, पाहिलं आणि जमलं नाही, आणि पाहिलंच नाही. कारखाना व्यवस्थापकांच्या बाबतीत बहुतेक तिसरं येईल, कारण त्यांना कारखान्याबाहेर कधी काढलंच नसेल. ‘पाहिलंच नाही’ याला १ ते ३ मध्ये जागा नसते, म्हणून लोक मधला २ देतात आणि तो कायमचा शिक्का होऊन बसतो. तुमच्या तक्त्यात चौथी नोंद ठेवा: ‘माहीत नाही’. ज्याला माहीत नाही अशी नोंद पडेल त्याला चौकट द्यायचीच नाही, काम द्यायचं.

मुलाच्या बाबतीत उलट झालेलं असेल. ग्राहकभेटी, बँकेच्या बैठका, मंडळापुढे सादरीकरण, हे सगळं त्याला मिळालं असणार. म्हणून त्याच्याबद्दल सांगायला सगळ्यांकडे प्रसंग आहेत. दिसण्याची संधी जास्त मिळाली की क्षमता जास्त वाटते.

मुक्ता_एचआर

तंतोतंत तसंच आहे. कामगिरीचा रकाना तरी ठीक आहे ना? तिथे आकडे आहेत. निर्यात दोन वर्षांत २४ टक्क्यांनी वाढली. कारखान्यात नाकारलेला माल ४.१ टक्क्यांवरून २.६ वर आला. म्हणून दोघांना ३. पुतणीला २, कारण तिच्या विभागाचा मासिक अहवालात आकडाच नसतो.

आकडेमोड

निर्यातीचे २४ टक्के कशाने वाढले ते फोडून बघा. त्या दोन वर्षांत एखादा जुना ग्राहक निर्यातीकडे वर्ग झाला का? नवं यंत्र आधी कोणाला मिळालं? सवलत मंजूर करायची मर्यादा सगळ्या विभागप्रमुखांना सारखी आहे का?

मुक्ता_एचआर

दोन दिवस लागले, पण काढलं. सुरुवातीची विक्री १०० धरली तर आता १२४ आहे. त्यातले १५ दोन मोठ्या ग्राहकांचे, जे आधी देशांतर्गत विभाग सांभाळायचा आणि नंतर निर्यातीकडे आले. ते वगळले तर वाढ ९ टक्के. आणि सवलतीची मर्यादा कागदावर सारखीच आहे, पण त्याच्या मर्यादेबाहेरच्या सवलती फोनवर मंजूर होतात. इतरांना फॉर्म भरावा लागतो, तीन-चार दिवस जातात.

कारखान्यात मात्र यंत्रं तीच, माणसं तीच. पुतणीचंही बघितलं. तक्रार निकाली लागायला ११ दिवस लागायचे, आता ६.

आकडेमोड

म्हणजे ९ टक्के, तेही वेगवान मंजुरीच्या मदतीने. ही वाईट कामगिरी नाही, पण वाढ कशाने झाली हे न विचारता ३ देण्यासारखीही नाही. आणि ११ वरून ६ दिवस हा आकडा अहवालात नव्हता म्हणून पुतणी २ वर राहिली. कामगिरीच्या रकान्यात लबाडी कोणी केलेली नाही, फक्त ज्याचा आकडा छापला जातो त्याचंच मोजलं गेलं.

सांजवेळ

मंडळ विचारेल की एवढा खटाटोप कशासाठी, तर त्यांना डेन्मार्कच्या कंपन्यांवरचा अभ्यास दाखवता येईल. मोर्टेन बेनेडसेन आणि सहकाऱ्यांचा, २००७ चा. जाणाऱ्या प्रमुखाचं पहिलं अपत्य मुलगा असेल तर गादी घरात राहण्याची शक्यता वाढते, आणि मुलगा होणं हे नशिबावर असतं, म्हणून त्यांनी याचा उपयोग नैसर्गिक प्रयोगासारखा केला. घरचा वारस आला तिथे मालमत्तेवरचा परिचालन परतावा किमान ४ टक्के-बिंदूंनी घसरला. ती जागा सर्वोच्च प्रमुखाची होती, तुमची सीओओची आहे, हा फरक लक्षात ठेवा. आणि ही सरासरी आहे. तुमचा हा मुलगा नालायक आहे असं त्यातून निघत नाही.

तिसरी_पिढी

हे शेवटचं वाक्य लिहिलंत ते बरं झालं. त्याला तरी कसं कळणार की ३ त्याचे आहेत की आडनावाचे? मला आजवर ते कळलेलं नाही.

दीपस्तंभ

कळायचा मार्ग एकच आहे, सारख्या अटींवरचं काम. मुक्ताताई, तिघांना चौकट न देता प्रत्येकी सहा महिन्यांचं एकेक काम द्या, स्वतःच्या विभागाबाहेरचं. कारखाना व्यवस्थापकांना निर्यातीतल्या उशिरा होणाऱ्या मालाचा प्रश्न, मुलाला कारखान्यातली एखादी उत्पादन ओळ, पुतणीला खरेदी आणि उत्पादन यांच्यातल्या साठ्याचा वाद. सुरुवातीला तीन गोष्टी कागदावर: आजचा आकडा, सहा महिन्यांनी अपेक्षित आकडा, आणि स्वतःच्या सहीने खर्च करायची मर्यादा, तिघांना सारखी. फोनवरची मंजुरी बंद. कोणी मर्यादा ओलांडून अध्यक्षांकडे गेलं तर त्याची तारखेसह नोंद.

बिघडतं ते साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. मुलाचं काम अडलं की एखादा जुना माणूस न विचारता ते सोडवून देतो, आणि घराबाहेरच्याचं काम अडलं की सगळे वाट बघतात. म्हणून दर महिन्याला ‘कोणी मदत केली’ हे तिघांकडून लिहून घ्या. मूल्यमापन करणाऱ्यांत घराबाहेरचा स्वतंत्र संचालक हवा, ज्याचा पगार किंवा बढती यातल्या कोणाच्याच हातात नाही. पुढच्या मीटिंगमध्ये अध्यक्षांनी सगळ्यांत शेवटी बोलायचं. आणि अंतिम गुण आधीच्या सरासरीपासून अर्ध्या गुणापेक्षा जास्त हलला तर कारण एका वाक्यात, प्रसंगासह.

मुक्ता_एचआर

अर्ध्या गुणाचा नियम आमच्या तक्त्यावर लावून बघितला. या चौघांत फक्त पुतणी अडकते.

दीपस्तंभ

हो. आणि ‘लग्नानंतर’ हे कारण त्या वाक्यात लिहायला कोणी तयार होणार नाही. तिची चौकट आजच परत उघडा, सहा महिने थांबू नका.

सांजवेळ

एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. घरच्यांना आणि बाहेरच्यांना एकाच तक्त्यात ठेवूच नये. घरच्यांचा वेगळा विकास आराखडा, बाहेरच्या मार्गदर्शकाकडे. एकत्र ठेवलं की बाहेरचे गृहीत धरतात की वरची चौकट राखीव आहे, आणि चांगली माणसं सोडून जातात.

दीपस्तंभ

वेगळा तक्ता केला की तुलनाच होत नाही, आणि शेवटी जागा तर एकच आहे. मी एकत्रच ठेवीन. पण माणसं सोडून जाण्याची भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही.

आकडेमोड

आणि चौकट ज्याची त्याला सांगायची की नाही?

मुक्ता_एचआर

अजून कोणालाच सांगितलेली नाही. मुलाला मात्र माहीत आहे, जेवताना कळलं असणार.

दीपस्तंभ

मग बाकी बारा जणांना त्यांचे पुरावे आणि पुढचं काम सांगावं लागेल, याच आठवड्यात. चौकटीचं नाव सांगू नका, कारण आकडेमोड यांनी दाखवलं तसं ते एका मताने बदलतं. कारखाना व्यवस्थापकांपासून सुरुवात करा आणि त्यांना ‘माहीत नाही’ ही नोंद जशीच्या तशी दाखवा.

मुक्ता_एचआर

सोमवारी अध्यक्षांची वेळ मिळाली आहे. पुतणीचे पाच गुण, तिचे ११ आणि ६ दिवस, आणि निर्यातीची १०० ते १२४ ची फोड, एवढं एका पानावर घेऊन जातेय. काय होतं ते इथेच लिहीन.